धागा: २५ वर्षांनंतरची इमारत दाखवायची आहे, पण सगळीकडे नुसता मळ दिसतोय

नकाशेवाला

नव्या इमारतीच्या रेंडरबरोबर तिचं २५ वर्षांनंतरचं रूपही द्यायचं आहे. कॅमेरा तोच, फक्त वय वेगळं. तीन मजली, सपाट छताची इमारत. समोरची भिंत पश्चिमेला, १२ मीटर रुंद आणि साडेनऊ मीटर उंच. गिलाव्यावर पिवळट मातकट रंग, तळमजल्यावर गडद निळा पट्टा. सहा खिडक्या, प्रत्येकीची सिल ८ सेंमी पुढे. दारावर तांब्याच्या पत्र्याचा छज्जा, सव्वा मीटरला थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर पुढे. जागा उत्तर गोलार्धात, पाऊस भरपूर, वारा मुख्यतः पश्चिमेचा, समुद्र लांब.

ब्लेंडरमध्ये Cycles वापरतोय. `Ambient Occlusion` नोडचा मास्क करून कोपऱ्यांत, छज्जाखाली, सिलखाली काळपट रंग मिसळला. वरून एक नॉइज. छज्ज्याला सगळीकडून हिरवा पॅटिना दिला. चित्र 'जुनं' दिसत नाही, 'घाण' दिसतं. कुठे चुकतंय?

रंगारी२

साधं आहे. गिलाव्यावर आधी बुरशीरोधक प्रायमर आणि वर चांगल्या प्रतीचा बाहेरचा रंग, दोन हात. ओघळ येणारच नाहीत. आणि सिलखाली पाणी अडवणारी खाच ठेवा.

नकाशेवाला

रंगारी, इमारत अजून बांधलेलीच नाही :) ओघळ टाळायचे नाहीत, दाखवायचे आहेत. खाचेचं मात्र लक्षात घेतो.

पिक्सेल_काका

मास्क बरोबर आहे, मिसळण्याची पद्धत कमी पडतेय. गेमच्या मॉडेलना आम्ही हेच करतो. खोबणीत मळ, कडांवर झीज. सबस्टन्स पेंटरमध्ये कडांच्या झिजेचा आणि मळाचा असे दोन तयार जनरेटर असतात, ते लावले की पाच मिनिटांत जुनेपणा येतो. ब्लेंडरमध्येच राहायचं असेल तर `Geometry` नोडचं `Pointiness` घ्या, सगळ्या कडा फिकट करा.

पागोळी

काका, कडांची झीज तलवारीला आणि पेटीला शोभते, कारण त्या हाताळल्या जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची कड कोण घासणार? इमारतीत कडा झिजतात त्या दाराच्या चौकटीला कमरेच्या उंचीवर, पायरीच्या मधोमध आणि गाड्या वळतात त्या कोपऱ्यावर. बाकी ठिकाणी ती झीज दिसली की डोळा लगेच 'खेळणं' म्हणतो.

आणि `Pointiness` हे फक्त Cycles मध्ये चालतं आणि जाळीच्या घनतेवर अवलंबून असतं. चार कोपऱ्यांच्या भिंतीवर त्याला काही सापडतच नाही.

नकाशेवाले, तुमची मूळ गडबड अशी की AO 'आडोसा' शोधतं आणि तुम्ही त्याला 'मळ' समजताय. रंगवलेल्या गिलाव्यावर, दमट हवेत जे काळं-हिरवं दिसतं ते बहुतेक शेवाळ असतं, आणि शेवाळाला पाणी लागतं. छज्जाखालची भिंत कोरडी असते. तिथे शेवाळ येत नाही, ऊनही कमी लागतं, म्हणून २५ वर्षांनी मूळ रंग सगळ्यात चांगला तिथेच टिकलेला असतो. फार तर धुळीचा फिकट राखाडी थर. म्हणजे तुमच्या चित्रात काळं आणि स्वच्छ यांची अदलाबदल झाली आहे.

पिक्सेल_काका

हे काही पटत नाही. जुन्या शहरांतल्या दगडी इमारती बघा. नक्षीच्या खाली, आडोशाला काळाकुट्ट थर आणि पुढे आलेले भाग पांढरे स्वच्छ. मळ आडोशालाच बसतो.

पागोळी

तेही खरंच आहे, पण तो चुनखडीचा दगड आणि कोळशाच्या धुराची हवा. पाऊस लागतो तिथे चुनखडीचा पृष्ठभाग हळूहळू विरघळून धुतला जातो, आडोशाला काजळी धरून जिप्समचा काळा थर चढतो. तिथे AO चा मास्क जवळजवळ बरोबर उत्तर देतो. रंगवलेला गिलावा आणि स्वच्छ दमट हवा असेल तर चित्र उलटं. म्हणून आधी विचारायचं ते 'आडोसा कुठे' हे नाही, 'इथे काळं कशामुळे होतं, काजळीने की शेवाळाने' हे.

सावलीतली

पागोळी, मग मास्क कशाचा करायचा? पाऊस कुठे लागतो हे हाताने रंगवायचं का?

पागोळी

ओघळ हाताने, पावसाचा मास्क मोजून. Geometry Nodes मध्ये भिंतीच्या प्रत्येक बिंदूपासून पाऊस जिकडून येतो तिकडे किरण सोडायचा. वाटेत काही आडवं आलं तर तो बिंदू कोरडा. नकाशेवाल्यांची भिंत पश्चिमेला, म्हणजे −X दिशेला धरली तर:

```
Position + Normal * 0.01  -> Raycast: Source Position
(-0.7, 0, 0.7)            -> Raycast: Ray Direction
Is Hit                    -> Store Named Attribute (Point, Float): "shelter"
```

`Target Geometry` मध्ये छज्जा, सिल, कठडा असं सगळं हवं, फक्त भिंत नव्हे. सुरुवातीचा बिंदू १ सेंमी पुढे सरकवला नाही तर किरण स्वतःच्याच भिंतीला लागतो आणि सगळी भिंत ठिपक्याठिपक्यांची कोरडी येते. मग शेडरमध्ये `Attribute` नोडला `shelter` हे नाव द्यायचं.

एका किरणाने कोरड्या भागाची कड सुरीने कापल्यासारखी येते. पाऊस रोज एकाच कोनात पडत नाही. उभ्या रेषेपासून ३०, ४५ आणि ६० अंश असे तीन आणि ४५ अंशाचेच डावी-उजवीकडे वळवलेले दोन, असे पाच किरण घेऊन सरासरी काढा. तुमच्या १.२ मीटर छज्जाखाली ४५ अंशाच्या पावसात १.२ मीटर भिंत कोरडी राहते, ३० अंशाच्या पावसात सुमारे २ मीटर. या दोन रेषांच्या मधला भाग आपोआप हळूहळू ओला होत जातो, आणि खऱ्या भिंतीवर नेमकं तेच दिसतं.

एक गोष्ट किरणांनी येत नाही. वाऱ्याबरोबरचा पाऊस इमारतीच्या वरच्या कडेला आणि वरच्या दोन कोपऱ्यांना सगळ्यात जास्त झोडपतो, मध्यभागी हवा अडून वर आणि बाजूंना वळते, म्हणून तिथे कमी. त्यासाठी वर आणि कडांकडे वाढत जाणारा एक साधा ग्रेडियंट गुणायचा. आकडा अंदाजाचाच असतो, पण तो नसेल तर भिंत खालपासून वरपर्यंत सारखी ओली दिसते.

जुनाट

याचा उगम बराच जुना आहे. १९९६ मध्ये डॉर्सी, पेडरसन आणि हॅनरहन यांनी भिंतीवरून पाण्याचे थेंब कणांसारखे वाहवून, त्यांनी मळ उचलायचा आणि पुढे नेऊन टाकायचा, अशी पद्धत मांडली. कण दाणेदार भागावर थबकतात, सिलवरून गळतात, खाली डाग सोडतात. आजही ओघळांसाठी तोच विचार बरोबर आहे: मळ कुठून उचलला गेला आणि कुठे टाकला गेला.

आणि नव्या इमारतीचं जीर्ण रूप दाखवायची हौस त्याहून कितीतरी जुनी. जोसेफ गँडीने १८३० मध्ये बँक ऑफ इंग्लंड वरून, छपरं उडालेल्या अवशेषांसारखी रंगवली, आणि तेही तिचा वास्तुकार जॉन सोन याच्यासाठी.

नकाशेवाला

किरण बसवले. छज्जाखालचा कोरडा भाग सुंदर आला. पण सिलखाली काहीच फरक दिसत नाही, जणू सिल नाहीच. भिंत १० सेंमीच्या चौकोनांत तोडली आहे, साधारण ११,४०० चौकोन.

पागोळी

सिल ८ सेंमी पुढे, म्हणजे ४५ अंशाला तिच्याखाली ८ सेंमी कोरडी पट्टी, ३० अंशाला १४ सेंमी. तुमचा चौकोनच १० सेंमीचा. एखाददुसरा बिंदू पट्टीत पडतो आणि बाकी दोन बिंदूंमधल्या सरासरीत विरून जातं. २.५ सेंमीचा चौकोन करा. १ लाख ८२ हजारांच्या आसपास चौकोन होतील, एका भिंतीला चालतात. सगळी इमारत तशी तोडू नका, कॅमेऱ्याला दिसणारी भिंतच.

आता ओघळ. सिलवर धूळ साठते, पहिल्या पावसात पाणी ती घेऊन उतार मिळेल तिकडे जातं आणि बहुधा सिलच्या दोन टोकांवरून भिंतीवर येतं. म्हणून खिडकीखाली दोन्ही बाजूंना मिशांसारखे दोन ओघळ आणि मध्ये तुलनेने स्वच्छ भाग. पूर्ण रुंदीभर झालर लावली की ते पडद्यासारखं दिसतं. सिलखाली पाण्याची खाच असेल तर मधलं पाणी भिंतीपासून दूर गळतं, टोकांचं मात्र खाच कडेपर्यंत नीट नेली नसेल तर चुकवूनच उतरतं. रंगारींचा मुद्दा इथे कामी येतो.

हे ओघळ वेगळ्या मास्कमध्ये ब्रशने काढा. १२ मीटरला ४०९६ पिक्सेल म्हणजे पिक्सेलला जवळजवळ ३ मिमी, पुरे आहे. वर ३-४ सेंमी रुंद, खाली विरत जाणारा, लांबी ६० सेंमी ते सव्वा मीटर, आणि सहाही खिडक्यांना वेगवेगळी. गडदपणा २०-३० टक्क्यांच्या वर नको. तो मास्क एका ताणलेल्या नॉइजने गुणा, आडव्या दिशेला उभ्याच्या सुमारे वीसपट दाट, म्हणजे धागे पडतात. `Object` कोऑर्डिनेट घेत असाल तर आधी Scale लागू करा (`Ctrl+A`), नाहीतर नॉइजही भिंतीबरोबर ताणला जातो आणि 'वीसपट' म्हणजे नक्की किती ते कळेनासं होतं. मास्कच्या इमेजला `Non-Color`, हे विसरलं की फिकट ओघळ गायब होतात.

कौलारू

माझ्याकडे Eevee आहे आणि भिंतीला गंजणाऱ्या पोलादाचे पत्रे आहेत, गिलावा नाही. हेच किरण चालतील ना?

पागोळी

कौलारू, किरण जाळीवर मोजले जातात, रेंडर इंजिनाचा संबंध नाही, त्यामुळे चालतील. पण त्या पोलादाचं वय पत्र्यावर शोधू नका. पत्रा काही वर्षांत गडद तपकिरी होऊन स्थिरावतो, खरी खूण खालच्या काँक्रीटवर असते. सुरुवातीच्या वर्षांत गंज धुपून तिथे नारिंगी डाग पडतात. पाणी कुठे गळतं ते बघून डाग तिथे द्या.

सावलीतली

तांब्याचं काय? छज्जा पूर्ण हिरवा करणं चूक आहे का? २५ वर्षं म्हणजे बराच काळ झाला.

पागोळी

चूक नाही, पण बहुधा खोटं. तांबं आधी तपकिरी, मग जवळजवळ काळपट होतं, हिरवं नंतर येतं. समुद्राजवळ किंवा गंधकाच्या धुराच्या हवेत लवकर, स्वच्छ हवेत फार सावकाश, कोरड्या हवेत कित्येकदा येतच नाही. तिरक्या वरच्या बाजूला आधी, उभ्या पट्टीला उशिरा, खालच्या आडोशाच्या बाजूला जवळजवळ नाहीच.

आता कॅमेरा कुठे आहे ते सांगा. माणसाच्या नजरेच्या उंचीवर असेल तर छज्ज्याची वरची बाजू दिसतच नाही! दिसते ती पुढची उभी पट्टी आणि खालचा भाग. म्हणजे तुमच्या चित्रात छज्जा मुख्यतः गडद तपकिरी, पट्टीच्या खालच्या कडेला पाणी रेंगाळतं तिथे निळसर हिरवी रेघ, वरून उतरलेले तीन-चार हिरवट धागे, बस. पण हिरवा रंग दुसरीकडे लागेल: छज्ज्याच्या टोकावरून गळणाऱ्या पाण्यात तांब्याचे क्षार असतात, ते ज्या पायरीवर पडतं तिथे फिकट निळसर पट्टा उमटतो. आणि तांब्याचं पाणी शेवाळाला मारक, म्हणून त्या पट्ट्यात शेवाळ नाही. पायरीच्या बाकीच्या ओल्या भागात असू द्या.

शेडरमध्ये हिरव्या भागाला `Metallic` ० करा. पॅटिना हे धातू नाही, खनिज आहे. १ ठेवून नुसता रंग हिरवा केला की नाताळच्या चमकत्या कागदासारखं दिसतं. `Roughness` तिथे ०.८-०.९, तपकिरी भागात ०.४ च्या आसपास.

पिक्सेल_काका

हे मेटॅलिकचं मान्य. आम्हीही हीच चूक नव्या पोरांच्या कामात रोज पकडतो. पण मास्क ० किंवा १ असा कडक ठेवा, मधल्या राखाडीत अर्धा धातू अर्धं खनिज असा विचित्र पदार्थ तयार होतो.

पागोळी

काका, हे बरोबर. कड कडक, पण आकार बारीक तुटक.

रंगारी२

रंग उडण्याबद्दल कोणी बोलत नाही, तेवढं मला सांगू द्या. सगळे रंग सारखे उडत नाहीत. मातकट पिवळा आणि तांबडा जर लोहाच्या ऑक्साइडचा असेल तर तो उन्हाला दाद देत नाही. झगझगीत लाल, पिवळे, जांभळे सेंद्रिय रंगद्रव्याचे असतात, ते आधी जातात. आणि उडणं म्हणजे नुसतं फिकं होणं नव्हे. रंगातला चिकट भाग उन्हाने मरतो, पूड मोकळी होते, हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते. म्हणून गडद रंगावर जास्त दिसतं, पांढुरका धुरकट पडदा चढल्यासारखं. तुमचा निळा पट्टा पिवळ्या भिंतीच्या कितीतरी आधी म्हातारा होणार.

नकाशेवाला

हे फारच उपयोगी. म्हणजे पिवळ्याला जवळजवळ तसाच ठेवू आणि निळ्याला पांढुरकं करू?

रंगारी२

हो. पण निळा पट्टा छज्जाखाली जिथे दाराजवळ आहे तिथे गडदच. त्या दोन निळ्यांतला फरक हीच २५ वर्षांची खूण. भिंतीला लावलेली पाटी कधी काढली तर तिच्यामागे मूळ रंगाचा चौकोन दिसतो, तसं.

पागोळी

बसवायचं असं: उन्हाचा मास्कही किरणांनीच, दिशा दुपारनंतरच्या सूर्याकडची, नैऋत्य ते पश्चिम. निळ्यावर `Hue/Saturation/Value`, Saturation ०.६५, Value १.२५, `Fac` ला उन्हाचा मास्क. पिवळ्यावर Saturation ०.९, Value जवळजवळ १. दोन्हींची `Roughness` ०.९ पर्यंत. शेवाळ याच्यावर, शेवटी. क्रम उलटला तर शेवाळही फिकं होतं. आणि जमिनीलगत ३०-४० सेंमी मातीचे शिंतोडे, वर विरत जाणारे. तिथेच तुमचा निळा पट्टा आहे, म्हणून ते उठून दिसतील.

जुनाट

एक मूलभूत शंका. २५ वर्षांत बाहेरचा रंग दोन-तीनदा तरी पुन्हा दिला जातो. मग हे सगळं खोटं नाही का? खरं २५ वर्षांचं रूप म्हणजे दहाएक वर्षांपूर्वी रंगवलेली भिंत, त्यावर दहा वर्षांचे ओघळ, आणि तांबं मात्र पूर्ण २५ वर्षांचं.

सावलीतली

पण मग ग्राहकाला काय दाखवणार? 'देखभाल केलीत तर' की 'नाही केलीत तर'?

जुनाट

दोन चित्रं. एकच दिलं तर ते भाकीत समजलं जातं.

पागोळी

मला दोन नकोत असं वाटतं. ग्राहक चांगलं चित्र उचलतो आणि दुसरं विसरतो. एकच, पण मजकुरात 'शेवटचा रंग १० वर्षांपूर्वी' असं स्पष्ट लिहिलेलं. अर्थात मग ओघळ लहान आणि निळ्याचा पांढुरकेपणा निम्मा, वर दिलेले आकडे कमी करायला हवेत. जुनाट यांच्याशी इथे मतभेद राहू दे.

कौलारू

वेलींचं काय? भिंतीवर थोडी हिरवळ छान दिसेल.

पागोळी

'थोडी' हीच अडचण. भिंतीला स्वतः चिकटणारी वेल एकदा धरली की वर्षाला मीटरभरही चढते. साडेनऊ मीटरची भिंत २५ वर्षांत ती झाकून टाकते, जर कोणी छाटलं नाही तर. म्हणून चित्रातल्या वेलीचा आकार वय ठरवत नाही, कात्री ठरवते. खिडक्यांभोवती सरळ छाटलेली कड, वर कठड्याच्या खाली थांबलेली. ब्लेंडरची IvyGen वापरत असाल तर ती भिंतीवर मुक्तपणे पसरते, कातरलेली कड तुम्हाला नंतर पानं काढून करावी लागते. शिवाय बुंधा. २५ वर्षांच्या वेलीचा जमिनीलगतचा बुंधा मनगटाएवढा असू शकतो, IvyGen ची दोरी तिथे लगेच उघडी पडते. मी तो भाग वेगळा मॉडेल करतो.

फटीतली रोपं हवी असतील तर ती कठड्याच्या माथ्यावर आणि पन्हाळीच्या सांध्यात. पक्षी तिथे बसतो, बी तिथे पडतं, ओल तिथे टिकते. भिंतीच्या मधोमध उगवलेलं रोप म्हणजे तिथे भेग आहे, आणि मग भेगही दाखवावी लागेल.

दगडफुलाचे गोल ठिपके टाकत असाल तर आकार जपा. ते वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर कड सरकवतं. २५ वर्षांत पाच ते दहा सेंमीचा गोल. ताटाएवढे ठिपके आले की इमारत शंभर वर्षांची होते.

सावलीतली

आणि आवारातली झाडं! नव्या रेंडरमधलं दोन मीटरचं रोप २५ वर्षांनीही दोन मीटरचंच ठेवलेलं कितीदा दिसतं. झाड खरोखर वाढवलं तर अर्धी इमारत झाकली जाते, आणि झाडामागची भिंत ऊन न लागल्याने कमी फिकी, जास्त शेवाळी.

नकाशेवाला

नवीन रेंडर झालं. छज्जा तपकिरी, पायरीवर निळसर पट्टा, निळा रंग दोन छटांत. वय पटतंय. ग्राहकाचं एकच म्हणणं: उजवीकडच्या दुसऱ्या खिडकीखालचा ओघळ 'नकली वाटतो', का ते त्याला सांगता येत नाही.

सावलीतली

मला दिसतंय. ओघळ छज्ज्याच्या वरून सुरू होतो आणि छज्जाखालच्या कोरड्या भागातही तसाच पुढे चालू राहतो. पाणी छज्ज्यावर पडून पुढे गळणार, भिंतीला परत कसं लागेल?

पागोळी

अचूक. ओघळाचा मास्क `1 - shelter` ने गुणा, आपोआप तुटेल; फक्त हा `shelter` `Target Geometry` मध्ये एकटा छज्जा ठेवून वेगळा काढा, नाहीतर ओघळ सिलखालीही तुटतील. फक्त छज्जा आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी झिरपतंय असं मुद्दाम दाखवायचं असेल तर तो वेगळा, अरुंद, पांढऱ्या क्षारांच्या कडेचा डाग होईल. तसा सांधा गळका दाखवायचा की नाही, ते आधी वास्तुकाराला विचारा.

नकाशेवाला

वास्तुकाराला विचारलं. उत्तर आलं, 'सांधा गळणार नाही.' गुणून टाकला :)